गोषवाऱ्याचं विचारलं तर

शाळेला हजेरीचं ॲप विकायचं असेल, तर डेमोसाठी महिन्याचा शेवटचा दिवस धरा. त्या दिवशी सगळे वर्गशिक्षक महिन्याचा गोषवारा जुळवत बसलेले असतात आणि मुख्याध्यापिकांच्या टेबलावर सहीसाठी हजेरीच्या कॅटलॉगची चळत असते. लॅपटॉप ठेवायला तीच चळत बरी पडते. त्यावर ठेवा आणि म्हणा, "मॅडम, फक्त पाच मिनिटं."

त्यांच्या शाळेतला खरा वर्ग चुकूनही भरून नेऊ नका. खऱ्या वर्गात एकाच नावाच्या दोन मुली असतात, मुलांचे आणि मुलींचे हजेरी क्रमांक वेगळे असतात, आणि आडनाव आधी की नाव आधी यावर यादी उलटीपालटी होते. त्यापेक्षा वीस मुलांचा नमुना वर्ग न्यावा. त्यात सगळे गुण्यागोविंदाने हजर असतात.

मग मुख्य करामत दाखवा. वर्ग उघडला की सगळी नावं हिरवी, फक्त गैरहजर मुलांवर बोट ठेवायचं. सातवी 'ब'चा पट ५८ असला आणि आठ जण आले नसले, तर आठ वेळा बोट लावलं की काम झालं. कल्पना खरोखरच चांगली आहे. पण बाईंना मध्येच कोणी बोलावलं आणि त्यांनी हजेरी घेतलीच नाही, तर? यादी तरीही हिरवीच. 'हजेरी घेतली नाही' असा तिसरा रंग तुम्ही ठेवलेला नाही. हे मॅडमनी ओळखलं तर विषय बदला, कारण त्यांचा पुढचा प्रश्न पोषण आहाराचा असतो. सहावी ते आठवीला माणशी १५० ग्रॅम तांदूळ. आठ जण फुकटचे हजर धरून तोच आकडा आहाराच्या नोंदीत गेला, की एका दिवसात १ किलो २०० ग्रॅम तांदूळ नुसता कागदावर शिजतो. गोणीत मात्र तो शिल्लक राहतो, आणि तपासणीत साठा जास्त निघणं हीसुद्धा भानगडच.

"आमच्याकडे रेंज नसते," हे त्या म्हणणारच. हसून सांगा, "ऑफलाइन चालतं, मॅडम. रेंज आली की आपोआप जातं." सोमवारची हजेरी मंगळवारी गेली, तर पालकांना मंगळवारीच 'आपला पाल्य आज गैरहजर आहे' असा मेसेज पोचतो आणि पाल्य वर्गात पहिल्या बाकावर बसलेला असतो, हे सांगत बसू नका. मेसेजमध्ये तारीख टाकली की प्रश्न सुटतो. पण मजकुराचा नमुना आधी नोंदवून घ्यावा लागतो आणि तुम्ही तो 'आज' लिहूनच नोंदवून बसला आहात.

"डिसेंबर २०२३पासून सरकारी चॅटबॉटवर हजेरी भरतोय, कॅटलॉग आहेच, आहाराची नोंद वेगळी. आता हे चौथं?" या प्रश्नाला 'इंटिग्रेशन' असं उत्तर द्यावं. अर्थ विचारला तर पुन्हा तेच म्हणावं, जरा सावकाश.

आता खरा घाट. गोषवाऱ्याचं विचारलं तर घाबरू नका, बटन दाबा. कामाचे दिवस २४, एकूण उपस्थिती १२१८, सरासरी ५०.७५. मॅडम चष्म्यावरून बघतील. "पावणेएक्कावन्न? हे पाऊण पोरगं कुठलं?" कॅटलॉगात ५१ लिहिलेलं असतं. तुम्ही म्हणा, "आमचं जास्त अचूक आहे." मग त्या टक्केवारी ताडून बघतील. ॲप म्हणतं साडेसत्त्याऐंशी, वर्गशिक्षिका म्हणतात सव्वाअठ्ठ्याऐंशी. चूक बाईंची नाही. एक मुलगा महिन्याच्या मध्यावर दाखल झाला. त्याआधीचे १२ दिवस पट ५७ होता, म्हणून बाईंनी रोजच्या पटाची बेरीज केली: १३८०. ॲपने सरळ ५८ गुणिले २४ केलं, १३९२, आणि जो मुलगा तेव्हा शाळेतच नव्हता त्याला १२ दिवस गैरहजर ठरवलं. दाखल तारीख तुमच्या फॉर्ममध्ये आहे, हिशेबात नाही. इथे पाणी मागावं.

पाणी येईपर्यंत त्या शेवटचं विचारतील, "मग कॅटलॉग बंद करू?" पोटात गोळा आला तरी 'हो' म्हणू नका. तपासणीला आलेले साहेब कॅटलॉगच मागणार, हे तुम्हालाही ठाऊक आहे. 'दोन्ही ठेवा' म्हणालात, तर काम कमी होण्याऐवजी दुप्पट झालं हे त्यांना तिथल्या तिथे कळेल. तेव्हा प्रिंट काढून दाखवा. एवढ्या वेळात त्या पहिल्यांदाच पुढे सरकतील. रोजचे रकाने, रविवार उभा लिहिलेला, मुलं वेगळी, मुली वेगळ्या, खाली गोषवारा, हे सगळं त्या कागदावर शोधतील. मग कागद उलटा करून मागची बाजूही बघतील.

"सही कुठे करायची?"

म्हणा, "पुढच्या व्हर्जनमध्ये, मॅडम." आणि लॅपटॉप उचला. त्यांना खालचे कॅटलॉग हवे आहेत.