चाळीस सेकंद काम, वीस सेकंद विश्रांती आणि क्रिएटिन

आमच्या सकाळच्या सर्किट व्यायामाच्या वर्गात हल्ली बहुतेकांच्या बाटलीत क्रिएटिन ही पूरक पूड मिसळलेली असते आणि वर्ग सुरू होण्याच्या पाच मिनिटे आधी ते घाईघाईने प्यायले जाते. या घाईला काही अर्थ नाही, कारण क्रिएटिन चहा-कॉफीसारखे लगेच तरतरी आणत नाही. रोज 3 ते 5 ग्रॅम घेतले, तर स्नायूंतला साठा पूर्ण वाढायला तीन-चार आठवडे लागतात.

त्या साठ्याचे काम नेमके ठरलेले आहे. पूर्ण जोर लावला की पहिल्या दहाएक सेकंदांत स्नायू फॉस्फोक्रिएटिनवर, म्हणजे साठवलेल्या क्रिएटिनच्या झटपट ऊर्जा देणाऱ्या रूपावर, मोठी भिस्त ठेवतो. हा साठा विश्रांतीत पुन्हा भरतो, पण निम्मा भरायलाच साधारण अर्धा मिनिट लागते आणि पूर्ण भरायला काही मिनिटे जातात. म्हणून क्रिएटिनचा उपयोग होईल की नाही, हे वर्गाच्या नावावरून कळत नाही. त्यासाठी घड्याळ पाहावे लागते.

मी शाकाहारी आहे. क्रिएटिन आहारातून मिळते ते मुख्यतः मांस-मासळीतून, त्यामुळे माझ्यासारख्यांचा मूळ साठा कमी असतो आणि फरक पडायला वाव अधिक असतो. मी महिनाभर रोज 3 ग्रॅम साधे मोनोहायड्रेट घेतले आणि वहीत नोंदी ठेवल्या. एअरबाइकवर दहा सेकंद जीव तोडून पेडल मारायचे आणि पन्नास सेकंद संथ फिरवायचे, अशा दहा फेऱ्या आम्ही शनिवारी करतो. पहिल्या फेरीचा आकडा महिन्यानंतरही जवळजवळ तोच होता. मात्र पूर्वी पाचव्या फेरीपासून होणारी घसरण आता आठवीपासून होऊ लागली. त्यात सरावाचाही वाटा असणार, हे मान्य. पण क्रिएटिनकडून अपेक्षा असते ती नेमकी अशाच फरकाची.

मंगळवारच्या सर्किटमध्ये मात्र चाळीस सेकंद काम आणि वीस सेकंद विश्रांती असते. तिथे तिसऱ्या फेरीत आधी अकरा बर्पी होत होत्या, नंतरही अकराच झाल्या. चाळीस सेकंदांच्या कामाचा बराचसा भार ग्लायकोजेनवर, म्हणजे स्नायूंत साठवलेल्या साखरेवर, आणि ऑक्सिजनवर पडतो, आणि वीस सेकंदांत फॉस्फोक्रिएटिनचा साठा भरून येत नाही. शिवाय स्नायूंत पाणी धरले गेल्याने माझे वजन किलोभर वाढले होते, आणि बर्पीत ते प्रत्येक वेळी जमिनीवरून उचलावे लागते. वीस सेकंद काम आणि दहा सेकंद विश्रांतीच्या ताबाता पद्धतीत तर विश्रांती याहूनही तोकडी. अशा वर्गात दम टिकत नसेल, तर पुडीपेक्षा झोपेकडे, जेवणाकडे आणि रोजच्या चालण्या-धावण्याकडे पाहावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

क्रिएटिन घेणाऱ्याने रक्ततपासणीच्या वेळी डॉक्टरांना तसे आधी सांगावे. मूत्रपिंडाचे काम ज्यावरून जोखतात तो क्रिएटिनिनचा आकडा क्रिएटिनमुळे थोडा वर जाऊ शकतो आणि मूत्रपिंड निरोगी असूनही शंका निर्माण होते. ज्यांना मूत्रपिंडाचा विकार आधीपासून आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते सुरूच करू नये.