जिक्र ही सूफींची भस्त्रिका नव्हे

“जिक्रचा हल्का म्हणजे सूफींची भस्त्रिकाच. गोल करून बसायचे, जोरजोरात श्वास घेत अल्लाची नव्याण्णव नावे म्हणायची. जितका वेग आणि जितकी संख्या, तितका परिणाम. हात बधिर झाले, डोके गरगरले की ‘हाल’ आला असे समजावे. कोणीही जाऊन बसावे, शिकण्यासारखे काही नाही.”

बडोद्यातील मराठी योगवर्गांमध्ये हा मजकूर सूफी गुरू आणि संगीतकार इनायत खाँ यांच्या छायाचित्रासह फिरत आहे. जिक्र म्हणजे ईश्वराच्या नामाचे स्मरण आणि हल्का म्हणजे त्यासाठी बसलेले वर्तुळ. इनायत खाँ यांचा जन्म 1882 साली बडोद्यातच झाला, मौलाबख्श हे त्यांचे आजोबा आणि त्यांची दीक्षा चिश्ती या सूफी परंपरेतली. म्हणूनच हे उत्तरही मुख्यतः चिश्ती पद्धतीला धरून आहे. मांडवीजवळच्या एका घरातील हल्क्यात मी काही वर्षे बसत आलो आहे, आणि पहिल्या दिवशी माझीही समजूत जवळपास अशीच होती.

आधी श्वासाबद्दल. श्वासाशी निगडित अशी जी साधना या परंपरेत सर्वांत आधी शिकवली जाते, तिचे नाव ‘पास-ए-अनफास’, म्हणजे श्वासांची राखण. तिच्यात श्वास वाढवायचा नसतो, रोखायचाही नसतो. तो आपल्या चालीने बाहेर जाताना मनात ‘ला इलाह’ आणि आत येताना ‘इल्लल्लाह’ एवढेच ठेवायचे असते. श्वास कोंडून धरण्याचा प्रकार आहे, त्याला ‘हब्स-ए-दम’ म्हणतात. पण तो गुरूच्या देखरेखीखाली एकट्याने करण्याचा असून नवख्या माणसाला हल्क्यात सांगितला जात नाही. मोठ्याने केल्या जाणाऱ्या ‘जिक्र-ए-जहर’मध्ये आवाज आणि मानेची हालचाल असते: मान डावीकडून खालून उजव्या खांद्याकडे नेत ‘ला इलाह’ आणि तेथून हृदयाच्या दिशेने ‘इल्लल्लाह’. या दुसऱ्या झोताला ‘जर्ब’, म्हणजे आघात, म्हणतात. हा आघात शब्दाचा आणि लक्षाचा असतो. त्यासाठी छाती भरून हवा ओढण्याची गरज नाही, आणि मानेला हिसका देण्याची तर मुळीच नाही.

भस्त्रिकेचा समज अगदीच हवेतून आलेला नाही, हेही मान्य केले पाहिजे. मध्य आशियातील यसवी परंपरेत करवतीसारखा घशातून घासत जाणारा श्वासजिक्र आहे, आणि तुर्की रिफाई किंवा खलवती मंडळींच्या हल्क्यात ‘हय्य’, ‘हू’ यांचा श्वासमिश्रित घोष ऐकू येतो. उलट नक्शबंदी हल्का बहुतेक वेळा संपूर्ण निःशब्द असतो, इतका की दारातून डोकावणाऱ्याला माणसे नुसतीच मान खाली घालून बसली आहेत असे वाटावे. एका परंपरेची चित्रफीत पाहून सर्वांविषयी निष्कर्ष काढला की असा गोंधळ होतो.

संख्येचा मुद्दा मात्र हिशेब करूनच पाहावा. हल्क्यात नव्याण्णव नावांची यादी म्हटली जातेच असे नाही. पुष्कळदा ‘ला इलाह इल्लल्लाह’ हा कलमा, ‘अल्लाह’, ‘हू’ अशा दोन-चार शब्दांवरच सारी बैठक चालते. चिश्ती साबिरी शाखेतील ‘बारा तस्बीह’ हा क्रम घ्या. ‘ला इलाह इल्लल्लाह’ 200 वेळा, ‘इल्लल्लाह’ 400 वेळा, ‘अल्लाहू अल्लाह’ 600 वेळा आणि शेवटी ‘अल्लाह’ 100 वेळा. बेरीज 1300, म्हणजे शंभराच्या तेरा माळा, तरी नाव बारा तस्बीहचेच. शेवटचे शतक वेगळे धरले जाते. आता पहिले 200 प्रत्येकी तीन सेकंदांनी म्हटले तर दहा मिनिटे लागतात आणि दर उच्चाराला एक श्वास घेतला तरी मिनिटाला वीस होतात, म्हणजे नेहमीपेक्षा थोडेच अधिक. खरी अडचण तिसऱ्या टप्प्यात येते. ‘अल्लाहू अल्लाह’ सेकंदाला एक या गतीने चालते आणि नवखा माणूस प्रत्येक उच्चारापूर्वी श्वास ओढू लागला, तर मिनिटाला साठ श्वास होतात. रक्तातील कार्बन डायऑक्साइड घटतो, मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, ओठांभोवती आणि बोटांत मुंग्या येतात, कधी बोटे वळतात. उपाय साधा आहे: एका उच्छ्वासावर चार-पाच उच्चार सोडावेत, म्हणजे त्याच गतीत श्वास बारा ते पंधरावर येतात. गाणे शिकलेल्या बडोदेकराला हे वेगळे सांगावे लागत नाही, कारण तान घेताना तोही स्वरागणिक श्वास घेत नाही.

मोजणीचा हेतूही लक्षात घ्यावा. नक्शबंदी परंपरेत ‘वुकूफ-ए-अददी’ नावाचा नियम आहे: एका श्वासात विषम संख्येने, तीन, पाच, सात असे करत एकवीसपर्यंत जावे, आणि तेथे पोहोचूनही आत काही उमटले नाही तर पुन्हा आरंभापासून सुरुवात करावी. म्हणजे एकवीस हा आकडा गाठणे हे यश मानलेच जात नाही. लक्ष भटकू नये म्हणून गणना असते. सामूहिक हल्क्यात तर माळ पुष्कळदा फक्त चालवणाऱ्याच्या हातात असते आणि टप्पा बदलल्याची खूण तोच देतो, म्हणून पहिल्यांदा आलेल्याने स्वतःचा आकडा धरून बसू नये. तो हमखास इतरांच्या पुढे किंवा मागे जातो.

बधिरतेला ‘हाल’ समजणे ही त्या मजकुरातील सर्वांत धोक्याची चूक आहे. हाल ही मनाची अवस्था. सूफी ग्रंथांत ती देणगी मानली आहे, ओढून आणलेली नव्हे, आणि हाल आल्याचे सोंग करणाऱ्यावर तेथे कडक टीका आहे. दोन्हींतला फरक ओळखण्याची माझी खूण साधी आहे. आवाज थांबवून दोन-तीन मिनिटे नाकाने सावकाश श्वास घेतल्यावर मुंग्या गेल्या, तर तो श्वासाचाच खेळ होता. माझ्या पहिल्याच बैठकीत माझी बोटे अशी आखडली होती, शेजारच्या वयस्क चाचांनी गुडघ्यावर हात ठेवून हळूच म्हटले, “बेटा, सिर्फ सुनो.” मी ऐकत राहिलो आणि काही मिनिटांत बोटे मोकळी झाली. अपस्मार किंवा हृदयविकार असलेल्यांनी आणि गर्भवतींनी वेगाच्या टप्प्यात केवळ ऐकणेच योग्य.

“कोणीही जाऊन बसावे” याबद्दल थोडक्यात. आधी यजमानांना विचारावे, कारण काही ठिकाणी हल्का केवळ मुरिदांसाठी, म्हणजे दीक्षा घेतलेल्या शिष्यांसाठी, असतो आणि स्त्रियांची बैठक बहुधा वेगळी असते. वजू, म्हणजे नमाजापूर्वीचे हातपाय धुणे, करून, आणि ते येत नसेल तर यजमानांना विचारून निदान हात, तोंड, पाय धुऊन, स्वच्छ कपड्यांत, डोके झाकून यावे. वर्तुळाच्या मधून चालू नये. पाठीमागून जाऊन जागा सापडेल तेथे गुडघ्यांवर किंवा मांडी घालून बसावे. चालवणाऱ्याच्या आवाजावर आपला आवाज चढवू नये, आणि त्याने थांबवल्यानंतर एखादा जास्तीचा ‘अल्लाह’ सोडू नये. आपल्यासारख्या मुस्लिमेतरासाठी एक गोष्ट विशेष महत्त्वाची: कलमा हे श्रद्धेचे विधान आहे, नुसता नाद नव्हे. तो म्हणायचा की नाही हे स्वतः ठरवावे, आणि न म्हणता गप्प बसलेल्याला आमच्या हल्क्यात आजवर कोणी टोकलेले मी पाहिले नाही. जिक्र संपल्यावर काही वेळ कोणी बोलत नाही, बरेच जण लगेच पाणीही पीत नाहीत. ती शांतता यजमान उठेपर्यंत मोडू नये.