दिवाळीची ऑफर होळीपर्यंत

आमच्या कॉलनीत वहिनींचं पार्लर आहे. खुर्च्या दोन, मदतीला एक मुलगी. परवा म्हणाल्या, "भाऊजी, गूगलवर ऑफर टाकली, पण एक फोन नाही आला." बघितलं तर पोस्टखाली 'Not approved' लिहिलेलं! आपल्या लॉगिनमधून पोस्ट आपल्याला दिसत राहते, म्हणून त्यांना वाटलं सगळ्यांनाच दिसतेय.

कारण साधं होतं. मजकुरात मोबाइल नंबर होता, तोही तीनदा. गूगलवर दुकानाचं जे पान असतं, त्या बिझनेस प्रोफाइलच्या पोस्टमध्ये फोन नंबर लिहायला परवानगी नाही. तो प्रोफाइलवर असतोच, कॉलचं बटणही असतं. मग मजकुरात कशाला?

दुसरी गंमत अशी की ऑफर त्यांनी साध्या 'अपडेट'मध्ये टाकली होती. अपडेटला संपायची तारीख नसते, ती सहा महिने तशीच राहते. म्हणजे दिवाळीची सूट मागायला होळीला बाई येणार आणि वहिनी नाही म्हणणार. अशा वेळी भांडण होतं, गिऱ्हाईक जातं ते वेगळंच. 'ऑफर' हा प्रकार निवडला की सुरुवातीची आणि शेवटची तारीख भरावीच लागते, आणि मुदत संपली की ती आपोआप मागे पडते.

मग मी विचारलं, सूट कशासाठी? शनिवार-रविवारी तर तुमच्याकडे बसायला जागा नसते. वहिनी म्हणाल्या, रिकाम्या असतात त्या मंगळवार ते शुक्रवारच्या दुपारा. मग सूट तेवढ्याचीच द्या ना! त्यांच्या जुन्या मजकुरात 'धमाका', 'बेस्ट', 'स्वस्त आणि मस्त' होतं, भाव मात्र कुठेच नव्हता. शेवटी हे लिहिलं:

"हेअरकट आणि हेअर स्पा मिळून 900 रुपये (एरवी 1300). मंगळवार ते शुक्रवार, दुपारी 12 ते 4. खुर्च्या दोनच आहेत, म्हणून आदल्या दिवशी कॉल बटणावरून वेळ घ्या. 20 मिनिटांपेक्षा उशीर झाला तर पुढची वेळ मिळेल."

अटींच्या रकान्यात एकच ओळ टाकली: कमरेपर्यंतच्या केसांना 300 रुपये जास्त. ही ओळ वहिनींना लपवायची होती. मी हट्टाने घातली, कारण खुर्चीत बसल्यावर कळलेले 300 रुपये रिव्ह्यूत जाऊन बसतात.

मजकुराला 1500 अक्षरांची जागा मिळते, पण ती भरायची गरज नसते. यादीत पहिल्या एक-दोन ओळीच दिसतात, म्हणून भाव आधी, बाकीचं नंतर. फोटोचंही तेच. वहिनींनी काठोकाठ अक्षरं भरलेलं पोस्टर लावलं होतं, ते कडेने कापलं जाऊन 'सवलत'चं 'वल' उरलं होतं. त्याऐवजी खुर्ची आणि आरसा दिसेल असा दिवसाउजेडी काढलेला आडवा फोटो लावला.

टाकून झाल्यावर माझ्या बायकोच्या मोबाइलवरून पार्लरचं नाव शोधून बघितलं. दिसली. बायकोने लगेच बुधवारची वेळ घेतली, वर 900 मला द्यायला लावले.