जेवणानंतरची प्रत्येक कळ ‘अ‍ॅसिडिटी’ नसते

भरपेट जेवणानंतर किंवा मद्यपानानंतर पोटाच्या वरच्या भागात एकाएकी असह्य कळ उठली, तर बहुतेक घरांत आधी अ‍ॅसिडिटीची गोळी शोधली जाते आणि ‘सकाळपर्यंत पाहू’ असे ठरते. रुग्णालयात काम करताना मला सर्वांत जास्त खटकते ते हे ‘सकाळपर्यंत’, कारण दुखणे स्वादुपिंडाच्या तीव्र दाहाचे, म्हणजे पॅन्क्रिएटायटिसचे असेल, तर उपचारांना सर्वाधिक फळ देणारे तास त्यातच निघून जातात.

एक प्रातिनिधिक उदाहरण घेऊ. बेचाळीस वर्षांचा एक गृहस्थ रात्री मद्य घेऊन भरपूर जेवतो. मध्यरात्रीनंतर बेंबीच्या वर कळ सुरू होते, अर्ध्या तासात कमालीची वाढते आणि थेट पाठीत जाते. ती येत-जात नाही, सलग राहते. उताणे झोपले की वाढते, पुढे वाकून बसले की किंचित सुसह्य होते. वारंवार उलट्या होतात, पण उलटीनंतरही बरे वाटत नाही. घरातली औषधे घेऊन तो सहा-सात तास काढतो. रुग्णालयात पोहोचतो तेव्हा नाडी मिनिटाला ११८ असते, जीभ कोरडी पडलेली असते आणि लघवी अगदी थोडी व गडद झालेली असते.

सुजलेल्या स्वादुपिंडातील पाचक द्रव्ये आतल्या आतच त्याच्या ऊतींवर काम करू लागतात, रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपून आसपासच्या भागात साचते आणि जुलाब किंवा रक्तस्राव नसतानाही शरीर आतून कोरडे पडते. ही तूट पाणी पिऊन भरून निघत नाही, कारण प्यायलेले उलटून पडते. म्हणून शिरेतून सलाईन द्यावे लागते, आणि तेही मोजून. पूर्वी भराभर भरपूर सलाईन देण्याकडे कल होता. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत मात्र अशा माऱ्याने फायदा न होता शरीरात पाणी साचण्याचे प्रमाण वाढलेले दिसले. त्यामुळे नाडी, रक्तदाब, श्वास आणि दर तासाची लघवी पाहून वेग कमी-जास्त करावा लागतो. घरी सलाईन लावून घेणे मला धोक्याचे वाटते ते याचमुळे.

आपल्या गृहस्थाचा ईसीजी आधी काढला जातो, कारण हृदयविकाराचा झटकाही कधी कधी पोटाच्या वरच्या भागातच दुखतो. जठराला छिद्र पडले असेल तरी वेदना अशीच असू शकते. मग स्वादुपिंडात तयार होणाऱ्या लायपेज या पाचक द्रव्याचे रक्तातील प्रमाण तपासले जाते. ते कमाल सामान्य मर्यादेच्या तिप्पटीहून जास्त असेल आणि वेदनाही अशाच स्वरूपाची असेल, तर निदानासाठी एवढे पुरते. पहिल्याच दिवशी सीटी स्कॅनचा आग्रह धरण्याची बहुधा गरज नसते, कारण ऊती मृत झाल्या आहेत का हे इतक्या लवकर नीट दिसत नाही.

या गृहस्थाचे लायपेज मर्यादेच्या कितीतरी पट निघते आणि नातेवाईक दारूला दोष देऊन मोकळे होतात. पण यकृताच्या तपासणीत एएलटी हे यकृतातील विकर २१० म्हणजे बरेच वाढलेले येते आणि सोनोग्राफीत पित्ताशयात बारीक खडे दिसतात. म्हणजे त्या रात्रीचे मद्य हे खरे कारण असण्याची शक्यता कमी. एखादा खडा घसरून स्वादुपिंडाच्या तोंडाशी अडकला असावा. दारूमुळे होणारा दाह सहसा अनेक वर्षे भरपूर पिणाऱ्याला होतो. कारण चुकीचे धरले, तर खडे तसेच राहतात आणि काही आठवड्यांतच दुसरा झटका येऊ शकतो. म्हणूनच आजार सौम्य असेल, तर त्याच मुक्कामात पित्ताशय काढून टाकणे योग्य मानले जाते.

सुमारे पाचांपैकी चार रुग्णांत आजार सौम्य राहतो आणि आठवडाभरात आटोक्यात येतो. पाचवा रुग्ण कोणता असेल, हे पहिल्या रात्री कोणालाही खात्रीने सांगता येत नाही, आणि दाखल होण्याचा माझा आग्रह मुख्यतः त्यासाठीच असतो. फुप्फुसे, मूत्रपिंड किंवा रक्ताभिसरण ४८ तासांहून अधिक काळ कोलमडलेले राहिले, तर आजार गंभीर ठरतो. श्वास वेगाने होऊ लागणे, लघवी घटणे, गोंधळल्यासारखे बोलणे ही त्याची चाहूल असते आणि झोपलेल्या माणसात ती घरच्यांच्या नजरेतून सहज निसटते.

निघताना रुग्णाला काही खाऊ-पिऊ घालू नये आणि त्याला स्वतः गाडी चालवू देऊ नये. मद्य किती आणि किती वर्षे घेतले, हे संकोच न करता खरे सांगावे. त्यात नीतिमत्तेचा प्रश्न नाही: रोज पिणाऱ्याचे मद्य रुग्णालयात अचानक बंद होते, दोन-तीन दिवसांत त्याला कंप, भ्रम किंवा झटके येऊ शकतात, आणि डॉक्टरांना आधी माहीत असेल तर त्यावरचे औषध वेळेत सुरू करता येते.