‘कर’ लावलं की झालं? सातारकर, टोपीकर आणि अकोलेकर

“मराठी किती सोपी आहे बघा! कोणत्याही गावाच्या नावापुढे ‘कर’ लावा, तिथल्या माणसाचं नाव तयार. पुणे–पुणेकर, मुंबई–मुंबईकर. अपवाद नाही. आडनाव ‘कर’ने संपत असेल तर माणूस त्याच गावचा, डोळे झाकून समजा. सरकारने शहराचं नाव बदललं की लोकांचं नावही आपोआप बदलतं. शंका आलीच तर इंटरनेटवर टाकून बघा, चार ठिकाणी सापडलं म्हणजे शब्द बरोबर. प्रत्येक मराठी माणसापर्यंत पोचवा!”

पुणे आणि मुंबई ही दोन्ही उदाहरणं बिनचूक आहेत, म्हणूनच वर दिलेला, लोकांमध्ये फिरणारा हा मजकूर चटकन पटतो. पण साताऱ्याला गेलं की गाडी अडते. तिथला माणूस सातारकर. ‘साताराकर’ असं कुणी म्हणत नाही. वेंगुर्ल्याचा तो वेंगुर्लेकर, मंगळवेढ्याचा मंगळवेढेकर, बडोद्याचा बडोदेकर, गोव्याचा गोवेकर. म्हणजे शेवटी ‘आ’ असलेल्या गावांत कुठे तो ‘आ’ गळतो, कुठे त्याचा ‘ए’ होतो. हे मनमानी नाही. वेंगुर्लें, बडोदें, गोवें अशी ही नावं जुन्या मराठीत होती, पुणें आणि ठाणें यांच्याच जातकुळीतली. पुढे गावाचं नाव बोलण्यात आणि लिहिण्यात ‘आ’वर आलं, पण ‘कर’च्या आधी जुनं रूप तसंच टिकून राहिलं. साताऱ्याचं नाव मात्र त्या घराण्यातलं नाही, त्यामुळे तिथे ‘सातारेकर’ झालं नाही.

आणखी एक गोष्ट सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. ‘ला’, ‘त’, ‘चा’ हे जोडताना आपण गावाचं नाव वाकवतो: पुण्याला, साताऱ्यात, अकोल्याचा. ‘कर’ मात्र अशा वाकलेल्या रूपाला जोडत नाहीत. ‘पुण्याकर’ हा शब्दच नाही. त्यामुळे गावाचं नाव वाक्यात कसं चालतं हे पक्कं माहीत असलं, तरी त्यावरून रहिवाशाचं नाव घरबसल्या सांगता येत नाही. ते लोकांच्या तोंडूनच ऐकावं लागतं.

शिवाय ‘कर’ हा मुळात गावाशहराचा प्रत्यय आहे. मुलूख मोठा झाला की त्याची सद्दी संपते. वऱ्हाडातला माणूस वऱ्हाडी, खानदेशातला खानदेशी, कोकणातला कोकणी, विदर्भातला वैदर्भीय, मावळातला मावळा. गोव्याला ‘गोवेकर’ चालतं, पण लिहिताना ‘गोमंतकीय’ही तितक्याच सहज येतं. शहरांच्या बाबतीत ‘ई’ लावून जो शब्द होतो तो बहुतेक वेळा वस्तूचा असतो: कोल्हापुरी चप्पल, सोलापुरी चादर, नागपुरी संत्री. माणसं कोल्हापूरकर, सोलापूरकर, नागपूरकर. मुलखाच्या बाबतीत हा भेद उरत नाही. वऱ्हाडी माणूस, वऱ्हाडी ठेचा, वऱ्हाडी बोली, सगळं एकाच शब्दात. मला ही वाटणी फार सुंदर वाटते, आणि एका ‘कर’मध्ये सगळं कोंबणाऱ्या मजकुरात नेमकी तीच बुजून जाते.

देशांचं गणित तर पूर्ण वेगळं. जपानी, नेपाळी, इराणी इथे ‘ई’, भारतीय इथे ‘ईय’, आणि अमेरिकन, रशियन हे इंग्रजीतून तयार होऊन आलेले. लोकांशी आपली गाठ कुणाच्या मार्फत पडली, त्यावर त्यांचं नाव ठरलेलं दिसतं. ‘इंग्रज’ हा शब्द पोर्तुगीजांच्या तोंडून आला, हॉलंडच्या लोकांसाठीचा ‘वलंदेज’ही त्याच वाटेने. आज वलंदेजांना आपण डच म्हणतो आणि फरासिसांना फ्रेंच. देश तेच, पण मधला दुभाष्या बदलला. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात फिरंगी, इंग्रज, वलंदेज, फरासीस आणि डिंगमार म्हणजे डेन्मार्कचे लोक हे सगळे एका शब्दाखाली येतात: टोपीकर. टोपी नावाचं गाव नाही. टोपी घालणारे ते टोपीकर.

आता आडनावं. टोपीकरांचा दाखला इथेही लागतो, कारण ‘कर’ने संपणारं सगळंच गावावरून आलेलं नसतं. विणकर हा विणणारा. भांडारकर हे आडनाव भांडारावरून, म्हणजे खजिन्याच्या कामावरून आलेलं सांगतात. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांचा जन्म मालवणचा, आणि त्यांच्या आडनावावरून विदर्भातल्या भंडाऱ्याकडे बोट दाखवलं तर ते साफ चुकेल.

आडनाव खरोखर गावावरून आलेलं असलं, तरी ते आज तिथे कोण राहतं हे सांगत नाही. घराणं कधीतरी कुठून निघालं, एवढंच त्यातून कळतं. विष्णुशास्त्री चिपळूणकर पुण्यात जन्मले, त्यांचं मुख्य कर्तृत्व पुण्यातलं. रहिवासी म्हणून ते पुणेकर. लता मंगेशकरांचं आडनाव गोव्यातल्या मंगेशीचं, जन्म इंदूरचा, आयुष्य मुंबईचं. इंदूरवर राज्य करणारं होळकर घराणं नीरेकाठच्या होळ गावावरून ओळखलं गेलं आणि इंदूरला पिढ्यान्‌पिढ्या राहूनही होळकरच राहिलं. आडनाव घराण्याबरोबर गाव सोडून जातं, रहिवाशाचं नाव गावातच राहतं आणि तिथे येणाऱ्या माणसाला लागू होतं. अठराव्या शतकातल्या लिखाणात हा फरक स्वच्छ दिसतो. ‘नागपूरकर भोसले’ म्हटलं की आडनाव भोसले आणि ठिकाण नागपूर. ‘करवीरकर’ आणि ‘सातारकर’ हे छत्रपतींच्या दोन गाद्या वेगळ्या दाखवायला. ‘मुंबईकर इंग्रज’ म्हणजे कंपनीचा मुंबईचा कारभार पाहणारे. त्या शब्दात मुंबईतला कोळी नव्हता, पाठारे प्रभू नव्हता. आज ‘मुंबईकर’ म्हणताना आपल्या डोळ्यांपुढे लोकलमधली गर्दी येते. शब्द तोच, त्यात बसणारी माणसं पार बदलली.

नामांतराबद्दल थोडक्यात सांगतो, कारण इथे फार वाद घालण्यासारखं नाही. अहमदनगर असताना तिथल्या माणसाला कुणी ‘अहमदनगरकर’ म्हणत नव्हतं, तो नगरकर होता. शहर अहिल्यानगर झालं, तरी बोलताना तो नगरकरच आहे. बेळगावचं सरकारी नाव 2014 मध्ये बेळगावी झालं. मराठी माणूस बेळगावकरच म्हणतो. उलट धाराशिवला ‘धाराशिवकर’ लगेच रुळलं, कारण नाव लहान आणि ‘कर’ घेण्याजोगं आहे. छत्रपती संभाजीनगरला बोलताना ‘संभाजीनगरकर’ असं आखूड रूप तोंडात बसलं. राजपत्रात शहराचं नाव छापून येतं, रहिवाशाचं येत नाही. ते लोक आपल्या सोयीने ठरवतात, आणि त्याला किती वेळ लागेल हे आधी सांगता येत नाही.

शेवटचा मुद्दा खात्रीचा, आणि माझ्या मते सगळ्यात घातक सल्ला ‘चार ठिकाणी सापडलं म्हणजे शब्द बरोबर’ या ओळीत आहे. जालावरच्या याद्या एकमेकींची नक्कल असतात. एकाने नियमाने बनवून टाकलेला शब्द दहा ठिकाणी चिकटवला जातो आणि मग तो दहा वेळा ‘सापडतो’. सापडलेल्या ठिकाणांची संख्या मोजून काही कळत नाही. तो शब्द कोणी, कुणासाठी, कोणत्या वाक्यात वापरला हे पाहावं लागतं.

अकोल्याचंच घ्या. मांडायला चार रूपं मिळतात: अकोलाकर, अकोल्याकर, अकोलकर, अकोलेकर. वर सांगितल्याप्रमाणे ‘अकोल्याकर’ तर बाजूला पडतं, कारण ‘कर’ वाकलेल्या रूपाला लागत नाही. ‘अकोलकर’ शोधलं तर भराभर निकाल येतात, पण ते उघडून वाचले की डॉक्टर, प्राध्यापक, वकील अशा माणसांची नावं दिसतात. म्हणजे ते आडनाव. सातारकरच्या धर्तीवर ते रहिवाशाचं नाव म्हणूनही बनू शकलं असतं, त्यामुळे नुसत्या निकालांच्या आकड्यावर विसंबणारा इथे हमखास फसतो.

आडनाव आणि रहिवासी वेगळे काढायला बरेच जण अनेकवचन शोधतात: ‘अकोलकरांनी’, ‘अकोलेकरांना’. कल्पना चांगली, पण मराठीत ती अर्धीच चालते, कारण आपण एका माणसालाही आदराने अनेकवचन लावतो. ‘मंगेशकरांनी गायलं’ म्हणजे एकट्या लताबाईंनी. त्यामुळे मी हाक मारतानाचं रूप शोधतो: ‘अकोलेकरांनो’. एका व्यक्तीला अशी हाक सहसा कुणी मारत नाही, ती गावालाच उद्देशून असते. त्याच्या जोडीला ‘तमाम अकोलेकर’, ‘हजारो अकोलेकर’, ‘अकोलेकर नागरिक’ अशी शब्दांची जोडी पाहायची. पाणीपुरवठ्याची बातमी, उन्हाच्या पाऱ्याची बातमी, गणेश विसर्जनाची बातमी, स्थानिक दैनिकाचं शहराचं पान: रहिवाशांचं नाव खऱ्या अर्थाने वापरलं जातं ते इथे. तिथे ‘अकोलेकर’ सर्रास भेटतं, आणि पारा चढला की मग तर मथळ्यातच. यादीत दिलेल्या शब्दापेक्षा असं एक वाक्य जास्त मोलाचं, कारण ते लिहिणारा त्या शहराच्या वाचकांसाठीच लिहीत असतो आणि चुकीचं नाव वापरलं तर दुसऱ्या दिवशी त्याला ऐकून घ्यावं लागतं.

एवढं होऊनही काम संपत नाही. अहिल्यानगर जिल्ह्यात अकोले नावाचं तालुक्याचं गाव आहे आणि तिथला माणूसही अकोलेकरच. दोन्ही गावं महाराष्ट्रातली, दोन्हींच्या बातम्या मराठीत, आणि शब्द अक्षरशः एक. सापडलेली वाक्यं मग एकेक करून वाटून घ्यावी लागतात. बातमीत मोर्णा नदी असेल, महापालिका असेल, तर ते विदर्भातलं अकोला. प्रवरा, अगस्ती साखर कारखाना किंवा भंडारदरा धरण आलं की ते अकोले. यातलं काहीच नसेल, तर ते वाक्य कोणत्याच बाजूला मोजायचं नाही.

ही वाटणी केल्यावर ‘अकोलेकर’ दोन्ही ठिकाणी वापरात आहे असं ठरतं. मग कोशात किंवा यादीत त्याच्या दोन वेगळ्या नोंदी करायच्या, एकीपुढे अकोला आणि दुसरीपुढे अकोले. आणि जिथे दोन्ही गावं एकाच लेखात येतात, तिथे हा शब्द टाळून ‘अकोला शहरातले’ आणि ‘अकोले तालुक्यातले’ असं सरळ लिहायचं.