कोर्स संपला, जंतू उरले: रेझिस्टन्स नव्हे, टॉलरन्स

“कोर्स पूर्ण करूनही इन्फेक्शन परत आलं, म्हणजे जंतू रेझिस्टंट झालेत.”

दरवेळी नाही. रेझिस्टंट जंतू औषधातही वाढतो, त्यामुळे त्याची वाढ रोखणारी किमान मात्रा, म्हणजे एमआयसी, चढलेली दिसते. याउलट काही मोजक्या पेशी सुप्त होऊन तगतात; या पर्सिस्टर पेशी औषधात वाढत नाहीत, फक्त मरत नाहीत. हाच टॉलरन्स. पेनिसिलिन घात करतं ते पेशीभित्तिकेचं बांधकाम चालू असताना. सुप्त पेशीत ते कामच जवळपास बंद असतं.

1944 मध्ये डब्लिनचे जीवाणुशास्त्रज्ञ जोसेफ बिगर यांना पेनिसिलिन दिलेल्या स्टॅफिलोकॉकस जंतूंपैकी दहा लाखांत साधारण एक पेशी जिवंत सापडली. ती वाढवून पुन्हा पेनिसिलिन दिलं, तर तिची पिल्लावळ पहिल्यासारखीच मेली आणि पुन्हा मूठभर पेशीच उरल्या. उरलेली पेशी रेझिस्टंट असती, तर पिल्लावळ सगळीच तगली असती.

म्हणून कल्चरच्या रिपोर्टमध्ये जंतू औषधाला “सेन्सिटिव्ह” असूनही आजार उलटू शकतो. रिपोर्ट खोटा नसतो. नेहमीची चाचणी वाढ थांबते का एवढंच पाहते, किती पेशी किती तासांत मेल्या हे मोजतच नाही. आजार उलटला तर नवं कल्चर करून एमआयसी जुन्या रिपोर्टशी ताडावी. तोच जंतू आणि एमआयसी तेवढीच असेल, तर रेझिस्टन्सचा आरोप टिकत नाही. मात्र त्यावरून पर्सिस्टर सिद्ध होत नाहीत: आत राहिलेला कॅथेटर किंवा न काढलेला पू हेही कारण असतं.