आधी प्रवेश की आधी शिष्यवृत्ती : एका पालकांच्या प्रतिक्रियेला उत्तर

प्रतिक्रिया : “मॅडम, आपला लेख वाचला. माझी मुलगी सांगलीत मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिचा निकाल जुलैत लागणार आणि आपण सांगता की शिष्यवृत्तीचे अर्ज डिसेंबर-जानेवारीतच करा. आधी प्रवेश, मग शिष्यवृत्ती, असा सरळ क्रम आम्हाला इथल्या सल्लागारांनी सांगितला आहे. हातात डिग्री नाही, प्रवेशाचा पत्ता नाही, तरी अर्जांचे पैसे भरत सुटायचे? अशी घाई लावणारा सल्ला आमच्यासारख्या घरांना परवडणारा नाही.”

नमस्कार. आपण स्पष्ट लिहिलेत, त्याबद्दल आभार. पैशांची काळजी तर प्रत्येक पालकाला असते, आणि म्हणूनच या उत्तरात मी कोणतीही गोष्ट मोघम ठेवणार नाही.

आपल्याला सांगितलेला क्रम काही विद्यापीठांच्या बाबतीत बरोबर आहे, पण तो सगळीकडे लागू केला की नुकसान होते. विद्यापीठ स्वतःच्या निधीतून परदेशी विद्यार्थ्यांना जी शिष्यवृत्ती देते, तिचा प्रवेश-अर्जाशी असलेला संबंध ठिकाणागणिक वेगळा असतो. ब्रिटनमधल्या अनेक विद्यापीठांत शिष्यवृत्तीचा अर्ज भरण्यासाठी प्रवेशाची ऑफर हातात असावी लागते. ती सशर्त असली, म्हणजे ‘अंतिम निकालानंतर पक्की’ अशी असली, तरी बहुतेक ठिकाणी चालते. तिथे आपल्या सल्लागारांचे म्हणणे योग्य ठरते. ऑक्सफर्डची क्लॅरेंडन शिष्यवृत्ती मात्र वेगळी आहे. तिच्यासाठी स्वतंत्र अर्जच नाही. जो विद्यार्थी आपल्या अभ्यासक्रमाच्या डिसेंबर किंवा जानेवारीच्या मुदतीत प्रवेश-अर्ज करतो, त्याचा विचार आपोआप होतो. काही अभ्यासक्रमांचे प्रवेश त्यानंतरही खुले राहतात, परंतु उशिरा अर्ज करणाऱ्याला प्रवेश मिळाला तरी क्लॅरेंडनसाठी त्याचे नाव पुढे जात नाही. प्रवेशाचे दार उघडे आणि शिष्यवृत्तीचे बंद, अशी ही स्थिती संकेतस्थळावर मोठ्या अक्षरांत लिहिलेली नसते. ती मुदतीच्या तक्त्याखालच्या एखाद्या ओळीत असते.

आपल्या मुलीचा विषय यांत्रिकी आहे, म्हणून मी स्वीडनचे उदाहरण सविस्तर घेते. तिथल्या तंत्रशिक्षणाकडे आपल्या भागातील अनेक मुलामुलींचा ओढा आहे, आणि वेळेचा हिशेब चुकला तर काय होते हे तिथे सर्वांत स्पष्ट दिसते.

स्वीडनमध्ये पदव्युत्तर प्रवेशासाठी प्रत्येक विद्यापीठाकडे वेगळा अर्ज करावा लागत नाही. universityadmissions.se या एकाच संकेतस्थळावर अर्ज करायचा असतो, आणि त्या एका अर्जात चार अभ्यासक्रमांपर्यंत पसंती देता येते. शुल्क ९०० स्वीडिश क्रोना, तेही चारही पसंतींसाठी मिळून एकदाच. म्हणजे ‘पैसे भरत सुटण्याचा’ प्रश्न इथे उद्भवत नाही. पुढच्या शरद ऋतूत सुरू होणाऱ्या अभ्यासक्रमांसाठी हा अर्ज आदल्या वर्षीच्या ऑक्टोबरच्या मध्यावर खुला होतो आणि जानेवारीच्या मध्यावर बंद होतो. कागदपत्रे आणि शुल्क पोचण्याची मुदत फेब्रुवारीच्या सुरुवातीला संपते आणि निकाल मार्चअखेरीस लागतो.

आता शिष्यवृत्ती पाहा. स्टॉकहोमच्या केटीएच या तंत्रविद्यापीठाच्या शिष्यवृत्तीचा अर्ज १ डिसेंबरच्या सुमारास खुला होतो आणि प्रवेश-अर्जाबरोबरच जानेवारीच्या मध्यावर बंद होतो. लुंड विद्यापीठाची ग्लोबल स्कॉलरशिप याच्या उलट, प्रवेश-अर्जाची मुदत संपल्यानंतर, फेब्रुवारीत काही दिवसांपुरती खुली असते. दोन्ही ठिकाणी शिष्यवृत्तीचा अर्ज प्रवेशाचा निकाल लागण्याच्या आत भरावा लागतो. एप्रिलमध्ये प्रवेशपत्र हाती घेऊन शिष्यवृत्ती शोधायला बसलेल्या विद्यार्थ्याला त्या वर्षापुरते यांतले काहीही उरलेले नसते.

दुसरी बाब याहून अधिक महत्त्वाची आहे आणि ती अर्जाच्या वेळीच ठरते. केटीएचच्या शिष्यवृत्तीसाठी केटीएचचा अभ्यासक्रम पसंतीक्रमात पहिला असावा लागतो. गोथेनबर्गच्या चाल्मर्स विद्यापीठाचीही तशीच अट आहे. पहिला क्रमांक एकच असल्यामुळे या दोन्ही शिष्यवृत्त्यांसाठी एकाच वर्षी पात्र राहता येत नाही. मिरजेच्या एका विद्यार्थ्याने अर्जाच्या अखेरच्या दिवसांत घाईने चार नावे भरली. शहराचे नाव ऐकलेले म्हणून एक विद्यापीठ पहिल्या क्रमांकावर टाकले आणि ज्या केटीएचचा अभ्यासक्रम त्याला मनापासून हवा होता, तो दुसऱ्या क्रमांकावर. पहिल्या ठिकाणी जागा मिळाली नाही. केटीएचला प्रवेश मिळाला. त्याच्या कागदपत्रांत काही उणे नव्हते, परंतु शिष्यवृत्तीसाठी तो जानेवारीतच अपात्र झाला होता. दोन वर्षांची फी तीन लाख क्रोनांच्या वर जाते. ती भरणे घराला शक्य नव्हते आणि त्याने तो प्रवेश सोडला. पसंतीक्रम मुदतीच्या आत बदलता येतो, म्हणून ऑक्टोबरात अर्ज सुरू करून डिसेंबरपर्यंत विचार करणारा विद्यार्थी सुरक्षित असतो. अखेरच्या संध्याकाळी भरणाऱ्याला ही संधी राहत नाही.

निकाल जुलैत लागणार ही आपली अडचण खरी आहे, पण ती अर्ज थांबवणारी नाही. केटीएच शेवटच्या वर्षातील विद्यार्थ्यांचे अर्ज स्वीकारते आणि पात्र ठरल्यास सशर्त प्रवेश देते. त्यासाठी लागलेल्या निकालांच्या गुणपत्रिकांसोबत संस्थेच्या परीक्षा किंवा पदवी विभागाने दिलेले एक पत्र जोडावे लागते. त्या पत्रात दोन गोष्टी हव्यात : विद्यार्थिनी पदवीच्या शेवटच्या वर्षात शिकत आहे आणि अभ्यासक्रम अमुक महिन्यात पूर्ण होणे अपेक्षित आहे. आपल्याकडे बँकेसाठी किंवा पाससाठी जे नेहमीचे बोनाफाईड मिळते, त्यात ही दुसरी ओळ बहुधा नसते. विभागप्रमुखांनी दिलेले शिफारसवजा पत्रही या कामाला चालत नाही. म्हणून मजकूर इंग्रजीत टंकून परीक्षा विभागाकडे न्यावा आणि त्यांच्या लेटरहेडवर सही-शिक्क्यासह मागावा, म्हणजे दुसरी खेप पडत नाही.

इथे सांगलीचे वेळापत्रक आडवे येते. महाविद्यालय स्वायत्त असेल तर गुणपत्रिका आणि पत्र तिथेच मिळते. महाविद्यालय शिवाजी विद्यापीठाशी संलग्न असेल तर ट्रान्सक्रिप्टसाठी कोल्हापूरला विद्यापीठाकडे अर्ज करावा लागतो आणि त्याला काही आठवडे जाऊ शकतात. त्यातच दिवाळीची सुट्टी येते, आणि ती संपते न संपते तोच सातव्या सेमिस्टरच्या परीक्षा सुरू होतात. डिसेंबरच्या अखेरीस कागद मागायला गेलेल्या मुलीला ते फेब्रुवारीच्या मुदतीआधी मिळतील याची खात्री देता येत नाही. माझा आग्रह डिसेंबरचा वाटतो, परंतु खरे काम सप्टेंबरचे आहे. गणपतीनंतरच्या पंधरवड्यात पत्र आणि ट्रान्सक्रिप्टचे अर्ज देऊन ठेवावेत आणि इंग्रजीची परीक्षा दिवाळीपूर्वी द्यावी. प्रवेश-अर्ज ऑक्टोबरअखेर संकेतस्थळावर सुरू करावा. परीक्षा संपताच डिसेंबरात शिष्यवृत्तीचा अर्ज हाती घ्यावा, म्हणजे प्रेरणापत्र लिहायला तिला तीन-चार आठवडे निवांत मिळतील. त्या पत्रात अंतिम वर्षाच्या प्रकल्पात तिने स्वतः काय मोजले, काय बनवले हे येऊ द्यावे. विद्यापीठाच्या कीर्तीची स्तुती वाचून निवड करणाऱ्यांना विद्यार्थिनीबद्दल काहीच कळत नाही.

स्वीडनची दुसरी प्रवेशफेरी वसंतात असते आणि सल्लागार कधी कधी तिचा आधार देतात. परदेशी विद्यार्थ्याने त्या फेरीवर विसंबू नये, कारण विद्यापीठांच्या शिष्यवृत्त्या पहिल्या फेरीशी बांधलेल्या आहेत आणि निवासपरवान्यालाही वेळ पुरत नाही.

शिष्यवृत्ती शोधण्याबद्दल मला एवढेच सांगायचे आहे की, याद्या देणाऱ्या संकेतस्थळांवर मुदत पाहून थांबू नये. तिथे मागच्या वर्षीची तारीख तशीच राहिलेली असते. ज्या विद्यापीठाचा अभ्यासक्रम निवडला आहे, त्याच्याच फी आणि निधीच्या पानावर जाऊन तीन गोष्टी वहीत लिहून काढाव्यात : अर्ज करताना ऑफर लागते का, की फक्त प्रवेश-अर्जाचा क्रमांक, मुदत प्रवेशाच्या मुदतीआधीची आहे की नंतरची, आणि तारीख कोणत्या प्रवेशवर्षाची आहे. ब्रिटनच्या बाबतीत चौथी गोष्टही लिहावी, ती म्हणजे अनामत रक्कम भरण्याची तारीख. ऑफर यायला काही आठवडे लागतात, म्हणून शिष्यवृत्तीच्या मुदतीच्या निदान दोन महिने आधी प्रवेश-अर्ज गेलेला असावा. अनामत भरण्याची तारीख शिष्यवृत्तीच्या निकालाआधी येत असेल, तर पैसे भरण्यापूर्वी प्रवेश विभागाला ईमेल करून मुदतवाढ मागावी. विद्यापीठे अशी विनंती कधी कधी मान्य करतात. उत्तर लेखी असावे. फोनवरचे आश्वासन आणि मध्यस्थाचा शब्द यावर अनामत भरू नये.

शेवटी खर्चाबद्दल, कारण आपली मुख्य चिंता तीच आहे. केटीएचची शिष्यवृत्ती फी माफ करते, राहण्या-जेवण्याचा खर्च देत नाही, आणि ती मिळवणारे अर्जदारांच्या मानाने थोडे असतात. निवासपरवान्यासाठी दरमहा १०,००० क्रोनांहून अधिक रकमेची तरतूद दाखवावी लागते आणि ती रक्कम विद्यार्थिनीच्या स्वतःच्या बँकखात्यात असावी लागते. वडिलांच्या नावावरची ठेव किंवा शेताचा उतारा तिथे उपयोगी पडत नाही. तिच्या नावाचे खाते नसेल तर ते याच हिवाळ्यात उघडा आणि शिक्षणकर्ज घ्यायचे असल्यास बँकेशी बोलणी जानेवारीत सुरू करा, म्हणजे मार्चअखेर निकाल लागल्यावर फी माफ झाली किंवा न झाली, दोन्ही परिस्थितींत किती रक्कम कमी पडते हे आपल्याला त्याच आठवड्यात कळेल.